चौदा दिवस समुद्रावर, चौदा दिवस घरी : सही करण्याआधीचा हिशेब

मुंबई हायवरच्या नोकरीचं पत्र वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या घरात आलं, की घरात दोन तट पडतात. एकाला दिसते अर्ध्या महिन्याची सुट्टी. दुसऱ्याला दिसतात सलग चौदा दिवस, रोजचे बारा तास, मध्ये ना रविवार ना सण. पहिला म्हणतो, पोराचं नशीब उघडलं. दुसरा म्हणतो, ही तर वेठबिगारी. दोघांनीही पत्र अर्धंच वाचलेलं असतं. आयटीआय करून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन झालेल्या रिसोड-मानोऱ्याकडच्या पोरांना, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आईबापांना व बायकांना माझं सांगणं एवढंच आहे, की सही करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन तासांचा हिशेब मांडा. तो पाचवीच्या गणितापेक्षा अवघड नाही.

मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर आत, अरबी समुद्रात हे तेलक्षेत्र आहे. 'सागर सम्राट' या रिगने १९७४ साली तिथे तेल शोधलं, १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. पायाखाली लोखंड आणि त्याखाली सत्तर-पंच्याहत्तर मीटर पाणी. अशा ठिकाणी माणूस रोज संध्याकाळी घरी जाऊन सकाळी परत येऊ शकत नाही. हेलिकॉप्टरची फेरी महाग, हवामान बेभरवशाचं, आणि प्लॅटफॉर्मवर झोपायला खाटा मोजक्या. त्यामुळे जगभर एकच तोडगा निघाला : जितकी माणसं तिथे असतील तितक्यांनी दिवसाचे बारा तास काम करायचं, दोन पाळ्यांत चोवीस तास भरून काढायचे, आणि ठरावीक दिवसांनी सगळी तुकडी बदलायची. ओएनजीसीच्या नियमित कर्मचाऱ्यांसाठी ही अदलाबदल चौदा दिवसांची आहे. चौदा 'ऑन', चौदा 'ऑफ'.

आता हिशेब. चौदा दिवस गुणिले बारा तास म्हणजे १६८ तास. हे तास २८ दिवसांत, म्हणजे चार आठवड्यांत पसरले. १६८ भागिले ४ केलं की आठवड्याला ४२ तास येतात. एमआयडीसीतल्या कारखान्यात रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस काम करणारा माणूस ४८ तास भरतो. चार आठवड्यांत त्याचे १९२ तास होतात. म्हणजे समुद्रावरचा माणूस दर चार आठवड्यांत २४ तास कमी काम करतो. आठ तासांचा एक दिवस धरला तर हे तीन दिवस झाले. वर्षात अशा तेरा फेऱ्या बसतात. तेरा त्रिक एकोणचाळीस.

हे ३९ दिवस लक्षात ठेवा. अर्ध्या वर्षाची सुट्टी म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातला खरा नफा एवढाच आहे. बाकीचे ऑफचे दिवस तुम्ही बारा-बारा तास राबून आणि दोन-दोन रविवार सोडून आगाऊच कमावलेले असतात. ती कंपनीने दिलेली सुट्टी नव्हे, तुमचीच साठवलेली विश्रांती आहे. आणि पाच दिवसांचा आठवडा असलेल्या कार्यालयाशी तुलना केली, तर हा नफाही उरत नाही. तिथे चार आठवड्यांत १६० तास भरतात, समुद्रावर १६८.

आता हे ३९ दिवस कुठे जातात ते पाहू.

कारखान्यातल्या माणसाला भरपगारी रजा मिळते. कायद्याचा ढोबळ नियम असा की वीस दिवस काम केलं की एक दिवस रजा. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर पंधरा दिवस. शिवाय तीन राष्ट्रीय सुट्ट्या आणि सणांच्या चार-पाच, मिळून आठ धरू. असे २३ दिवस त्याला घरी बसून मिळतात. चौदा-चौदाच्या नोकरीत कंपनी पुष्कळदा म्हणते, तुमच्या रजा आणि सणाच्या सुट्ट्या त्या ऑफमध्येच आल्या. हे म्हणणं नवीन नाही. उत्तर समुद्रातल्या तेलकामगारांनी ब्रिटनमध्ये यावर भांडण केलं होतं. किनाऱ्यावरचे दिवस आमचे आहेतच, वार्षिक रजा समुद्रावरच्या दिवसांतून मिळाली पाहिजे, असा त्यांचा दावा होता. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. किनाऱ्यावरच्या दिवसांतच रजा दाखवली तर चालते, असं सांगितलं. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण कंपन्या विचार कसा करतात ते त्यावरून कळतं. तेव्हा तुमच्या पत्रात रजा वेगळी लिहिली आहे का, हे बघा. लिहिली नसेल तर ३९ मधून २३ वजा करा. उरले १६.

मग प्रवास. मुंबईत राहणारा माणूस सकाळी जुहूच्या हेलिकॉप्टर तळावर जातो आणि ऑफच्या पहिल्या दुपारी घरी जेवतो. तुम्ही वाशिमहून अकोल्याला जाणार, तिथून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथे कुणाच्या तरी खोलीवर मुक्काम, कारण सकाळची हजेरी चुकली तर हेलिकॉप्टर थांबत नाही. परतताना तेच उलट. समृद्धी महामार्ग झाल्यापासून कारंजा आणि शेलूबाजारकडच्यांना रस्त्याचा पर्याय मिळाला आहे, तरीही जायला एक आणि यायला एक असा दिवस धरावाच लागतो. फेरीला दोन, तेरा फेऱ्यांना २६ दिवस. सोळातून सव्वीस वजा करा. दहा दिवस उणे!

म्हणून नोकरी वाईट ठरत नाही. चाकणला रोज दोन तास कंपनीच्या बसमध्ये काढणारा माणूस चार आठवड्यांत ४८ तास रस्त्यावर असतो, आणि तो वाशिमला वर्षातून दोनदाच येतो. त्याच्या मानाने तुमचा सौदा कितीतरी बरा. फक्त 'अर्धं वर्ष सुट्टी' हे वाक्य गावात सांगू नका. ते ऐकून लोक उसने मागायला येतात आणि सासरा दुकान टाकायला सांगतो.

सरासरी आणखी एका जागी गळते. ४२ हा आकडा पाळी बरोबर बारा तासांचीच असते आणि बदली माणूस बरोबर चौदाव्या दिवशी येतो, या दोन गोष्टींवर उभा आहे. प्रत्यक्षात पाळी सुरू होण्याआधी टूलबॉक्स टॉक असतो, म्हणजे आज काय काम, कुठला धोका, याची दहा-पंधरा मिनिटांची बैठक. पाळी संपल्यावर पुढच्याला काम सोपवायचं असतं. कुठला पंप बंद ठेवला, कुठला व्हॉल्व्ह काढलेला आहे, कुठल्या कामाचं परमिट अजून उघडं आहे, हे तोंडाने आणि कागदावर सांगावं लागतं. हे फालतू काम नाही. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातला पायपर अल्फा प्लॅटफॉर्म जळाला आणि १६७ माणसं गेली. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचली नाही आणि त्यांनी तो पंप सुरू केला. तेव्हा हँडओव्हरची वेळ वाचवू नका, ती मोजायला सांगा. अर्धा तास रोजचा धरला तर चौदा दिवसांत सात तास होतात. १६८ चे १७५.

बदली माणूस उशिरा येणं ही मोठी गळती. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, ढग खाली, हेलिकॉप्टर रद्द. कधी रिलिव्हर आजारी पडतो, कधी तो गाडीच चुकतो. तुम्ही दोन दिवस जास्त अडकलात आणि पुढची ऑनची तारीख मात्र जुनीच राहिली, तर सोळा दिवस ऑन, बारा दिवस ऑफ झालं. सोळा गुणिले बारा म्हणजे १९२ तास. हा आकडा आधी आलाय : कारखान्यातल्या माणसाचे चार आठवड्यांचे तास. म्हणजे फक्त दोन दिवसांच्या उशिराने तुमचा त्या फेरीचा सगळा २४ तासांचा नफा संपला. तिसऱ्या दिवसापासून तुम्ही त्याच्याहून जास्त राबता. यासाठी पत्रात एक वाक्य हवं : जास्त थांबावं लागलं तर त्या दिवसांचा पैसा वेगळा मिळेल, की पुढची तारीख तितकी पुढे सरकेल? तोंडी उत्तर 'बघू' असं आलं, तर ते 'नाही' असंच समजा.

इथवर मी चौदा-चौदा धरून चाललो, पण आपल्याकडच्या पोरांना येणारं पत्र बहुतेकदा कंत्राटदाराचं असतं, आणि त्यावर वेगळेच आकडे असू शकतात. २८-२८ असेल तर सरासरी तीच ४२ राहते. फक्त दम जास्त लागतो, कारण चौथ्या आठवड्यातला बारावा तास पहिल्या आठवड्यातल्या बाराव्या तासासारखा नसतो. २८ ऑन आणि १४ ऑफ असेल तर सहा आठवड्यांत ३३६ तास, म्हणजे आठवड्याला ५६. ४५ ऑन आणि १५ ऑफ असेल तर साठ दिवसांत ५४० तास, आठवड्याला ६३. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही बार्ज बुडाली आणि सत्तरहून अधिक माणसं गेली, तेव्हा बार्जवरचं काम म्हणजे काय ते देशाला कळलं. बार्जवरच्या, म्हणजे दुरुस्ती-बांधकामाच्या कामगारांना राहण्यासाठी असलेल्या तरंगत्या तळावरच्या नोकरीला प्लॅटफॉर्मवरच्या नोकरीचे नियम आपोआप लागू होतात, असं समजू नका. एजंट दोन्हीला 'मुंबई हाय'च म्हणतो. दुसऱ्या टोकाला नॉर्वे आहे. तिथे चौदा दिवस ऑन आणि अठ्ठावीस दिवस ऑफ अशी पद्धत आहे. तेच १६८ तास सहा आठवड्यांत पसरले की आठवड्याला २८ होतात. पत्रावर काय लिहिलंय ते घेऊन एकच भागाकार करा : ऑनचे एकूण तास, भागिले पूर्ण फेरीचे आठवडे. उत्तर ४८ च्या वर आलं तर पगार दाखवून तुमचे दिवस विकत घेतले जात आहेत.

आता पैशाचं. सगळ्या बाबींत ही सर्वात नाजूक, कारण इथेच सरासरीचं गणित कंपनीच्या सोयीने फिरवलं जातं.

आपला कायदा चार आठवड्यांची सरासरी काढत बसत नाही. तो दिवस आणि आठवडा मोजतो. १९५२ च्या खाण कायद्यात, ज्यात तेलविहिरीही खाणच धरल्या होत्या, जमिनीवरच्या कामाला दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा होती आणि जादा तासांना दुप्पट दर होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतली व्यावसायिक सुरक्षा संहिता दिवसाला आठ तास म्हणते. जादा कामाला कामगाराची संमती आणि दुप्पट दर हवा, आणि जादा तास दिवसावर मोजायचे की आठवड्यावर, हे कामगाराला जे फायद्याचं पडेल त्याप्रमाणे ठरवायचं, असंही ती सांगते. सरकारला यांतून सूट देण्याचे अधिकार आहेत. तेव्हा समुद्रावर बारा तास म्हणजे थेट बेकायदा, असं मी म्हणणार नाही. पण सूट घेणाऱ्याने मोबदल्यात काय दिलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

एक उदाहरण घेऊ. कंत्राटदार म्हणतो, दिवसाला १,५०० रुपये. पहिला प्रश्न : आठ तासांचे की बारा तासांचे? आठ तासांचे असतील, तर उरलेले चार तास दुप्पट दराने, म्हणजे आठ तासांच्या मजुरीइतकेच झाले. आणखी १,५०० रुपये. बारा तासांचा दिवस म्हणजे हजेरी दुप्पट, ३,००० रुपये. बारा तासांचे मिळूनच १,५०० असतील, तर तासाला १२५ रुपये पडले. दुसरा प्रश्न : ऑफच्या दिवसांचा पगार आहे का? नसेल तर चार आठवड्यांना १४ गुणिले १,५०० म्हणजे २१,००० रुपये. २८ दिवसांत वाटले तर रोजचे ७५०. वाशिमच्या बसस्टँडजवळच्या वर्कशॉपमध्ये किती मिळतात, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहा. १,५०० शी ताडू नका.

हे दोन प्रश्न एकत्र का विचारायचे, तेही सांगतो. रोजच्या चार जादा तासांची किंमत दोनच प्रकारे फिटू शकते. एक तर पैशात, म्हणजे ओव्हरटाइमने. नाहीतर दिवसात, म्हणजे पगारी ऑफने. नियमित नोकरीत महिन्याचा पगार पूर्ण मिळतो, ऑफमध्येही मिळतो. तिथे किंमत दिवसांत चुकती झाली. पण ऑफ बिनपगारी आणि ओव्हरटाइमही नाही, असं पत्र असेल, तर चौदा गुणिले चार असे छप्पन तास फुकटात गेले. अशा पत्रावर 'आठवड्याला सरासरी फक्त ४२ तास' असंही लिहिलेलं सापडेल. आकडा खरा असतो. फक्त ज्या दिवसांनी तो ४२ वर आणला, ते दिवस तुम्ही स्वतःच्या खर्चाने घरी बसून काढलेत.

कर्जाचा हप्ता ठरवताना एक गोष्ट उपयोगी पडेल. २८ दिवसांची फेरी आणि कॅलेंडरचा महिना जुळत नाहीत. दिवसावर पगार असेल तर कुठल्या महिन्यात चौदा दिवस भरतात, कुठल्या महिन्यात सतरा. चौदापेक्षा कमी आणि सतरापेक्षा जास्त कधीच नाही. हजेरी १,५०० असेल तर एका महिन्यात २१,००० हातात येतील, दुसऱ्यात २५,५००. ट्रॅक्टरचा किंवा मोटरसायकलचा हप्ता नेहमी चौदा दिवसांच्या महिन्यावर बेतावा. जुलैची पगारपावती बघून हप्ता बांधला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला चौदाच दिवस भरले, की सावकार आठवतो.

पैसे अडले तर कुणाकडे जायचं, तेही आत्ताच लिहून ठेवा. तेलक्षेत्र केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतं. वाशिमच्या जिल्हा कामगार कार्यालयात खेपा मारून चप्पल झिजेल, काम होणार नाही. तक्रार मुख्य श्रम आयुक्त (केंद्रीय) यांच्या यंत्रणेकडे करावी लागते. तिची कार्यालयं मुंबईत आहेत. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. पण त्यासाठी तुम्ही अमुक दिवस, अमुक प्लॅटफॉर्मवर होतात, याचा पुरावा लागतो. नेमणूकपत्र मागून घ्या. ते देणं आता मालकाला बंधनकारक आहे. आणि खिशातल्या डायरीत रोज चार गोष्टी लिहा : तारीख, जागा, पाळी किती वाजता सुरू झाली, किती वाजता सुटली. हेलिकॉप्टरने गेल्याची आणि आल्याची तारीख तर नक्कीच.

शरीराचा हिशेब सरासरीत बसत नाही. उरलेल्या बारा तासांत जेवण, आंघोळ, कपडे, घरी फोन हे सगळं वजा केलं की झोपेला सात तास उरले तरी नशीब, आणि तेही खालून यंत्रांचा आवाज येत असताना. रात्रपाळीत पहिल्या दोन-तीन रात्री सर्वांत वाईट जातात. शरीर दिवस-रात्र उलटी करायला जवळजवळ आठवडा घेतं. काही ठिकाणी सात रात्री झाल्या की मध्येच दिवसपाळी देतात, म्हणजे घरी जाताना माणूस सरळ झालेला असतो. पण त्या अदलाबदलीच्या दिवशी त्याच्या हातून चूक होण्याचा धोका वाढतो. काही ठिकाणी चौदाही रात्रीच. तिथे कामावर शरीर बसतं, आणि मग ऑफचा पहिला आठवडा घरी पहाटे चारला जागं राहण्यात आणि दुपारी डुलक्या घेण्यात जातो. घरच्यांनी हे समजून घ्यावं. पोरगा आला आणि दोन दिवस नुसता लोळतोय, म्हणून टोमणे मारू नका; त्या चौदा दिवसांतले पहिले दोन-तीन त्याचे नाहीतच, तुमचेही नाहीत. लग्न, पाहुणे, बँकेची कामं चौथ्या दिवसानंतर ठेवा.

आणि एक कडक सूचना. शेवटची पाळी रात्रीची, मग हेलिकॉप्टर, मग रात्रभराची रेल्वे, आणि अकोल्याला उतरून स्टँडवर लावलेल्या मोटरसायकलवरून पहाटे वाशिमकडे. हे करू नका. चोवीस तासांहून जास्त धड न झोपलेला माणूस गाडीवर बसला की डोळा कधी लागला हे त्याला कळत नाही. एसटीने या, किंवा भावाला घ्यायला बोलवा. समुद्रावर जाण्याआधी पाण्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडायचं शिक्षण तुम्हाला घ्यावं लागतं. असलं सगळं शिकून माणूस पातूरच्या घाटात मरावा, याला अर्थ नाही.

शेवटी शेतकऱ्याच्या घराला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट, जी पत्रात कुठेच लिहिलेली नसते. २८ दिवसांच्या तेरा फेऱ्या म्हणजे ३६४ दिवस. वर्षापेक्षा एकच दिवस कमी. म्हणजे तुमचं ऑन-ऑफ दरवर्षी जवळजवळ त्याच तारखांना येतं, फक्त एक दिवस अलीकडे सरकतं. या वर्षी सोयाबीन सोंगायला तुम्ही नव्हता, तर पुढच्या वर्षीही नसाल, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

५ जानेवारी २०२६ ला पहिल्यांदा ऑनवर गेलेला माणूस घ्या. २८-२८ दिवस मोजत गेलं की त्याचं ऑन २२ जून ते ५ जुलै येतं. ऐन पेरणी. मग १४ ते २७ सप्टेंबर. १४ ला गणपती बसतात. मग १२ ते २५ ऑक्टोबर, म्हणजे सोयाबीनची सोंगणी, मळणी आणि २० तारखेचा दसरा. दिवाळीचं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तो ऑफचा शेवटचा दिवस, पण ९ ला सकाळी जुहूला हजर व्हायचं तर त्या संध्याकाळी तो पूजेला नसणार, रेल्वेत असणार. भाऊबीज ११ ला, समुद्रावर. २०२७ मध्ये त्याचं ऑक्टोबरचं ऑन ११ ते २४. सोंगणी पुन्हा हुकली. चांद्रमासावर चालणारे सण मागेपुढे होतात, दिवाळी एखाद्या वर्षी हाती लागते. शेतीचं तसं होत नाही.

आता त्याच्या समोरच्या तुकडीतला माणूस घ्या, जो १९ जानेवारीला गेला. तो पेरणीला घरी आहे, गणपतीला घरी आहे, १२ ते २५ ऑक्टोबर वावरात आहे. लक्ष्मीपूजनाला तो समुद्रावर असेल, पण ९ ला सुटला तर १० ला पाडव्यापर्यंत पोचतो आणि ११ ला बहिणीकडे ओवाळून घेतो. दोघांचे तास तेच, पगार तोच, सरासरी तीच ४२. फरक फक्त पहिल्या तारखेचा.

रुजू व्हायची तारीख ठरत असताना नव्या माणसाला बोलायचा धीर होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तेव्हाच विचारा. कुठल्या तुकडीत जागा आहे, पंधरा दिवस उशिरा आलो तर चालेल का. एकदा तुकडी ठरली की बदलून घेण्यासाठी एकतर कुणीतरी सलग २८ दिवस ऑन करावं लागतं, नाहीतर समोरच्या तुकडीतला तुमच्या उलट गरजेचा माणूस शोधावा लागतो. आणि कोकणातल्या माणसाला गणपती सोडायला सांगून बघा, तो काय म्हणतो ते.